आरसा, घडी आणि लपलेली आकृती : नवोदय परीक्षेतील चित्रांची उत्तरे शब्दांत कशी सांगायची?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत पाचवीच्या मुलांच्या पालकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप असतात. त्यात कोणीतरी चित्राच्या प्रश्नाचा फोटो टाकतो आणि खाली उत्तर येते, 'पर्याय क'. क का, हे मात्र कोणी सांगत नाही, कारण चित्र शब्दांत सांगणे अवघड वाटते. खरे तर या प्रश्नांचे उत्तर एका वाक्यात सांगता येते, आणि ते वाक्य जमले की चुकीचे पर्याय आपोआप गळतात.

हे प्रश्न कुठे येतात?

जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतील मुले निवड चाचणी देतात. नांदेड जिल्ह्याचे नवोदय बिलोली तालुक्यातील शंकरनगरला आहे आणि लातूर जिल्ह्याचे वेगळे आहे. प्रत्येक विद्यालयात जास्तीत जास्त 80 मुलांना प्रवेश मिळतो आणि ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते.

चाचणीत एकूण 80 प्रश्न आणि 100 गुण असतात. त्यातले 40 प्रश्न मानसिक क्षमतेचे असून ते सगळे आकृत्यांचे असतात. त्यांचे दहा प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकाराचे चार प्रश्न. आरसा, घडी घातलेला कागद आणि लपलेली आकृती हे त्यातले तीन प्रकार. म्हणजे 12 प्रश्न, आणि प्रत्येकी सव्वा गुणाप्रमाणे 15 गुण. या 40 प्रश्नांसाठी 60 मिनिटे धरलेली असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीतही असेच प्रश्न असतात.

आरशातील प्रतिमा : घड्याळाची भाषा वापरा

आरसा आकृतीच्या शेजारी उभा असेल, तर डावे-उजवे बदलते आणि वर-खाली तसेच राहते. आरसा डावीकडे ठेवा किंवा उजवीकडे, प्रतिमा तीच दिसते. पण तिरपी रेषा आली की 'डावे-उजवे' एवढ्यावर मुले गोंधळतात. तिथे आकृतीवर घड्याळाची तबकडी आहे असे समजा. उभ्या आरशात 1 च्या जागी 11 येतो, 2 च्या जागी 10, 3 च्या जागी 9, 4 च्या जागी 8 आणि 5 च्या जागी 7. फक्त 12 आणि 6 जागचे हलत नाहीत.

एक उदाहरण घ्या. चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात काळा ठिपका आहे आणि मध्यातून निघालेला बाण 1 कडे तोंड करून आहे. उत्तराचे वाक्य असे : "ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात, बाण 11 कडे." आता पर्याय तपासा. ज्यात ठिपका खालच्या डाव्या कोपऱ्यात आणि बाण 5 कडे आहे, ते पाण्यातले प्रतिबिंब झाले. ज्यात ठिपका खाली उजवीकडे आणि बाण 7 कडे आहे, ती आकृती नुसती अर्धा फेरा फिरवलेली आहे.

हा फिरवलेला पर्याय सर्वांत फसवा. आकृतीत गोल वळणारा बाण असेल, तर त्यावरून तो लगेच ओळखता येतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळणारा बाण आरशात उलट दिशेने वळतो. आकृती कितीही फिरवली तरी त्याचे वळण बदलत नाही. घरी खात्री करायची असेल, तर आकृती पातळ कागदावर काढा, पुस्तकाचे पान उलटावे तसा कागद उलटा आणि उजेडासमोर धरा. मागून दिसते तीच आरशातील प्रतिमा.

कागदाची घडी : प्रत्येक घडी म्हणजे एक आरसा

घडी घातलेल्या कागदाला भोक पाडले आणि कागद उघडला, तर भोके कुठे दिसतील, हा दुसरा प्रकार. इथे घडीची रेषा आरशासारखी वागते. घडी ज्या क्रमाने घातली, त्याच्या उलट क्रमाने ती उघडायची. शेवटची घडी आधी.

चौकोनी कागदावर आठ ओळी आणि आठ रकाने आहेत असे समजा. उजवा अर्धा भाग डाव्यावर आणला. मग खालचा अर्धा भाग वर आणला. आता हातात वरचा डावा चतकोर राहिला आणि त्यात कागदाचे चार थर आहेत. त्याच्या वरच्या कडेला, उजव्या टोकाशी भोक पाडले, म्हणजे पहिली ओळ, चौथा रकाना.

शेवटची, म्हणजे आडवी घडी उघडली की पहिल्या ओळीतले भोक आठव्या ओळीतही दिसते. रकाना चौथाच राहतो. मग उभी घडी उघडली की चौथ्या रकान्यातली दोन्ही भोके पाचव्या रकान्यातही येतात. घडी बरोबर मध्यावर असल्यामुळे जुना आणि नवा आकडा मिळून नेहमी 9 होतात. उत्तराचे वाक्य : "वरच्या कडेच्या मध्यावर शेजारी-शेजारी दोन, खालच्या कडेच्या मध्यावर तशीच दोन." डाव्या आणि उजव्या कडेच्या मध्यावर भोके दाखवणारा पर्याय इथे हमखास असतो. चारच भोके आहेत म्हणून तो बरोबर वाटतो, पण जागा चुकलेली असते.

फक्त भोके मोजून दोन ठिकाणी चूक होते. घडीच्या रेषेवरच अर्धगोल कापला असेल, तर उघडल्यावर दोन अर्धगोल न दिसता एक पूर्ण गोल दिसतो. आणि कागदाचा फक्त एक कोपरा तिरपा दुमडला असेल, तर उरलेल्या भागात एकच थर असतो. तिथे पाडलेले भोक एकच राहते. म्हणून आधी विचारा, "भोकाखाली थर किती?"

लपलेली आकृती : जास्तीची रेषा चालते, कमी चालत नाही

इथे दिलेली आकृती चार पर्यायांपैकी एकात जशीच्या तशी शोधायची असते. ती फिरवायची नाही, उलटायची नाही, लहान-मोठी करायची नाही. तिच्यावरून दुसऱ्या रेषा गेल्या तरी चालते. पण तिची एकही रेषा अर्धवट असेल, तर तो पर्याय बाद.

समजा, काटकोन त्रिकोण दिला आहे आणि काटकोन खाली डावीकडे आहे. त्याचे वर्णन करा : "डावी बाजू उभी, खालची बाजू आडवी, तिरपी रेषा वरच्या डाव्या टोकापासून खालच्या उजव्या टोकापर्यंत." तिन्ही बाजूंत वेगळी आहे ती तिरपी. म्हणून शोध तिच्यापासून सुरू करा.

आता त्याच मापाचे चार चौकोन पर्याय म्हणून आहेत. 'अ' मध्ये फक्त अधिकचे चिन्ह आहे, तिरपी रेषाच नाही. 'ब' मध्ये तिरपी आहे, पण ती खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर उजवीकडे जाते. तिथला त्रिकोण कागद फिरवल्याशिवाय जुळणार नाही. 'ड' मधली तिरपी योग्य दिशेने निघते, पण चौकोनाच्या मध्यावरच थांबते. 'क' मध्ये तीच तिरपी पूर्ण आहे, तिच्यावरून अधिकचे चिन्हही गेले आहे. गर्दी सर्वांत जास्त 'क' मध्ये दिसते, आणि उत्तरही तेच.

ग्रुपवर पुढच्या वेळी 'पर्याय क' लिहिताना सोबत हे लिहा : "तिरपी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली उजवीकडे पूर्ण जाते, ब मध्ये दिशा उलटी, ड मध्ये अर्धवट, अ मध्ये नाहीच." फोटो नीट उघडला नाही, तरी मुलाला एवढ्यावरून चित्र काढून पाहता येईल.