द्वितीय स्थान (फलज्योतिष)

फलज्योतिषानुसार जन्मकुंडलीत लग्नापासून दुसरे असलेले स्थान म्हणजे द्वितीय स्थान होय. ते धनस्थान म्हणून अधिक परिचित असले, तरी त्यास कुटुंबस्थान व वाक्स्थान असेही म्हणतात. प्रथम स्थानावरून शरीराचा, तर द्वितीय स्थानावरून मुख, वाणी आणि बालपणी घरातून मिळणारे संस्कार यांचा विचार केला जातो.

उदाहरणार्थ, मेष लग्नाच्या कुंडलीत या स्थानी वृषभ रास येते आणि तिचा स्वामी शुक्र असतो. वाणीचा कारक बुध तेथे असल्यास बोलणे गोड व चतुर मानतात. मात्र व्ययस्थानी, म्हणजे मीन राशीत, शनी असल्यास त्याची तिसरी दृष्टी द्वितीय स्थानावर पडते. अशा वेळी बोलणे मोजके आणि घरातील शिस्त कडक असल्याचे फलित सांगतात.

अशा फलितांना वैज्ञानिक आधार मिळालेला नाही. जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीत २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्यांवरून मूल हुशार की मतिमंद हे ओळखायचे होते. अचूक उत्तरे सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीने मिळावीत तेवढीच होती. ही चाचणी संपूर्ण कुंडलीची होती, केवळ द्वितीय स्थानाची नव्हे.