‘दऱ्या’ शोधल्या, सापडल्या नाहीत
मराठी ॲपचा सर्च तपासायचा असला की मी आधी ‘दऱ्या’ हा शब्द घेतो. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकीत ऱ (U+0931) आणि हलन्त असतो. दुसरीत साधा र (U+0930), हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे (U+200D). स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण पहिल्या ‘दऱ्या’त पाच कोड, दुसऱ्यात सहा.

म्हणून एका पद्धतीने नोट सेव्ह करा आणि दुसरीने शोधा. नोट आली नाही तर ॲप नापास.

डेव्हलपर म्हणतात, NFC लावलंय की! पण NFC फक्त र आणि नुक्ता जोडून ऱ करतं, जोडकाला हात लावत नाही. मग कुणीतरी जोडकच उडवून टाकतं. हे तर आणखी वाईट, कारण ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं आणि दरी शोधणाऱ्याला समुद्र मिळतो!

NFC नंतर हे करायचं, साठवलेल्या मजकुरावरही आणि शोधशब्दावरही:

```python
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

हा बदल फक्त सर्चच्या इंडेक्ससाठी. युजरची मूळ नोट आहे तशीच ठेवा.