पेट्रोल होतं, पण किनाऱ्यावर: रेड बॉल एक्सप्रेसची गोष्ट

आजच्या भागात रणगाडे कमी आणि ट्रक जास्त आहेत. गोष्ट आहे 1944 च्या ऑगस्टअखेरची, फ्रान्समधली. अमेरिकेची थर्ड आर्मी, म्हणजे जनरल पॅटनचं सैन्य, महिन्याभरात नॉर्मंडीतून पार वर्दून शहरापर्यंत पोहोचलं होतं. समोरचे जर्मन मागे पळत होते. आणि नेमकं तेव्हाच हे सैन्य थांबलं, कारण टाक्या रिकाम्या झाल्या.

30 ऑगस्टला त्यांना दिवसाला साधारण 15 लाख लिटर पेट्रोल हवं होतं. मिळालं सव्वा लाखाच्या आसपास.

आता प्रश्न असा, की अमेरिकेकडे पेट्रोल नव्हतं का? होतं की! नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळ साठे होते. पण तिथून वर्दून जवळपास 500 किलोमीटर. रेल्वे वापरावी, तर आक्रमणाआधी दोस्तांच्याच विमानांनी रूळ आणि पूल उडवलेले. पाइपलाइन टाकायचं काम चालू होतं, पण सैन्य तिच्या कितीतरी पुढे गेलेलं. उरले ट्रक.

म्हणून 25 ऑगस्टला 'रेड बॉल एक्सप्रेस' सुरू झाली. एक रस्ता फक्त भरलेल्या ट्रकना पुढे जायला, दुसरा फक्त रिकाम्यांना परत यायला. बाकी कुणीही त्या रस्त्यांवर यायचं नाही. 29 ऑगस्टला, म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशीच, जवळपास 6,000 गाड्यांनी 12,000 टनांहून जास्त माल वाहिला. अडीच टनी ट्रकमध्ये सर्रास दुप्पट माल भरत. टायर फाटायचे, ड्रायव्हर स्टिअरिंगवरच पेंगायचे. यातले बहुसंख्य ड्रायव्हर कृष्णवर्णीय होते. त्यांच्याच सैन्यात त्यांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात, आणि बहुतेकांना लढाईऐवजी अशीच कामं मिळत.

पण खरी गोम पुढे आहे. पेट्रोल नेणारा ट्रकसुद्धा पेट्रोलच पितो. रेड बॉलच्या गाड्याच दिवसाला 11 लाख लिटरच्या आसपास जाळत होत्या! सैन्य पुढे गेलं की फेरी लांबते. मग तेवढाच ट्रक आठवड्यात कमी फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत जास्त पेट्रोल खातो. म्हणजे अंतर वाढलं की दोन्हीकडून मार.

बरं, ट्रक पोहोचला म्हणजे पेट्रोल रणगाड्यात पडलं असं नाही. रेड बॉल माल आर्मीच्या मागच्या साठ्यांपर्यंत आणायची. तिथून पुढे आर्मीचे आणि डिव्हिजनचे ट्रक. शेवटच्या टप्प्यात 20 लिटरचे जेरीकॅन, हाताने उचलून ओतायचे. शर्मन रणगाड्याची टाकी साधारण 650 लिटरची, म्हणजे बत्तीसेक कॅन एका रणगाड्याला. नियम होता, रिकामा कॅन द्या आणि भरलेला घ्या. घाईत सैनिकांनी लाखो कॅन रस्त्याकडेला टाकून दिले. मग पेट्रोल असूनही भरायला कॅन नाहीत, अशी वेळ आली. शेवटी फ्रेंच शाळकरी मुलांनासुद्धा कॅन गोळा करायला सांगावं लागलं.

आता दारूगोळ्याकडे येऊ. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेट्रोल पुन्हा मिळू लागलं, पण तोवर जर्मन सावरले होते. मेत्झ शहराभोवतीच्या जुन्या किल्ल्यांत ते ठाण मांडून बसले, आणि पॅटनचं सैन्य तिथे अडकलं. अडकलेलं सैन्य पेट्रोल कमी खातं, पण तोफगोळे प्रचंड खातं.

मी एक साधा हिशेब मांडून पाहिला. एका पायदळ डिव्हिजनमध्ये साधारण 14,000 माणसं. माणशी रोज 3 किलो शिधा धरला तर 42 टन. याच डिव्हिजनकडे 105 मिलिमीटरच्या 36 तोफा. एक गोळा काडतुसासकट 19 किलोच्या आसपास. प्रत्येक तोफेने दिवसात शंभर गोळे डागले, तर जवळपास 68 टन झाले. यात मोठ्या तोफा, मॉर्टर, पेट्यांचं वजन काहीच धरलेलं नाही.

आणि मुख्य फरक असा: जेवण लढाई असो वा नसो, तेवढंच लागतं. त्याचं नियोजन आधी करता येतं. पेट्रोल आणि गोळे किती लागतील हे मात्र उद्या काय घडतं यावर ठरतं. सैन्य धावलं तर पेट्रोल, अडलं तर गोळे. दोन्हीसाठी ट्रक तेच. पेट्रोलच्या घाईत गोळे मागे राहिले आणि त्या शरद ऋतूत तोफांना रेशनिंग लागलं.

मेत्झ शहर पडलं 22 नोव्हेंबरला. वर्दूनपासून ते अवघं 65 किलोमीटरच्या आसपास आहे. पॅटनला पेट्रोल मिळालं असतं तर युद्ध लवकर संपलं असतं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. 65 किलोमीटर पुढे गेले असते, तर ट्रकची फेरी येऊन-जाऊन 130 किलोमीटरने वाढली असती. खरा इलाज होता पुढचं बंदर. बेल्जियममधलं अँटवर्प 4 सप्टेंबरलाच हाती आलं होतं, पण समुद्राकडून येणारा जलमार्ग जर्मनांच्या ताब्यात राहिला. तिथे मालवाहू जहाजांची रांग लागायला 28 नोव्हेंबर उजाडला. रेड बॉल त्याआधीच, 16 नोव्हेंबरला, बंद झाली होती.

तोवर रेल्वे दुरुस्त होत आली होती. पुढच्या भागात त्याच रुळांची गोष्ट.