शिबं, कोड आणि गालावरचे फिके डाग : नखाने खरवडून पाहण्याची जुनी युक्ती

बरीच वर्षं झाली या गोष्टीला. दवाखाना टाकून मला तीन-चार वर्षंच झाली होती. बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर आला. छातीवर, खांद्यांवर आणि मानेवर लहान लहान फिके डाग होते, काही ठिकाणी ते एकमेकांत मिसळलेले. घरात त्याच्या लग्नाचं बघत होते. वडिलांनी दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "डॉक्टर, कोड नाही ना?"

मी डागावर नख हलकेच फिरवलं. कोंड्यासारखा पांढुरका भुगा सुटला. हे शिबं होतं, वैद्यकीय भाषेत पिटिरियासिस व्हर्सिकलर. बुरशीमुळे होतं, कोडाशी त्याचा संबंध नाही. मी औषध लिहून दिलं आणि त्यांना निश्चिंत मनाने घरी पाठवलं. त्यात माझी एक चूक झाली, ती पुढे सांगतो.

नख फिरवण्याची ही युक्ती आम्ही त्वचारोगाच्या वॉर्डात शिकलो. तिच्यामागे फ्रेंच डॉक्टर बेनिए यांचं नाव लावतात. पण चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला सातवा अध्याय वाचला तर आश्चर्य वाटतं. तिथे 'सिध्म' नावाच्या विकाराचं वर्णन आहे. पांढरट किंवा तांबूस, पातळ, घासलं की धूळ सुटणारा, दुधी भोपळ्याच्या फुलाच्या रंगाचा आणि बहुतेक करून छातीवर येणारा. शिबं ओळखायला याहून जास्त काय लागतं? रंग, जागा आणि खरवडण्याची चाचणी, सगळं त्यात आलं.

त्याच अध्यायाच्या शेवटी श्वित्र, म्हणजे आपलं कोड, वेगळं सांगितलं आहे. डाग एकमेकांत मिसळलेले असतील, वर्षानुवर्षांचे असतील आणि त्यावरच्या केसांचा रंग बदललेला असेल तर तो बरा होत नाही, असा इशारा तिथे आहे. सुश्रुतानेही हा विकार कातडीपुरताच राहतो, त्यातून स्राव होत नाही, असं सांगून तो कुष्ठापासून वेगळा काढला. गंमत अशी की चरकाने निरुपद्रवी सिध्माला महाकुष्ठांत बसवलं आणि सुश्रुताने क्षुद्रकुष्ठांत. सगळं 'कुष्ठ' या एकाच मोठ्या पोत्यात होतं. आपला 'कोड' हा शब्दही त्याच कुष्ठातून आला, आणि त्याबरोबर महारोगाची भीतीही आली.

तिकडे रोममध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससनेही असंच केलं. 'व्हिटिलिगो' या एकाच शब्दाखाली त्याने तीन प्रकार ठेवले. त्यातला 'अल्फोस' पांढरा, खरबरीत, थेंब शिंपडल्यासारखा, काही जणांत येणारा-जाणारा. 'मेलास' त्याच्यासारखाच, पण काळपट. आणि 'ल्यूके' जास्त पांढरा, खोल, वर पांढरे बारीक केस असलेला आणि एकदा धरला की सहजी न सोडणारा. अल्फोस वाचताना मला शिबं आठवतं आणि ल्यूके वाचताना कोड. सेल्सस डागाला सुई टोचून बघायला सांगतो. रक्त आलं तर उपचार करा, पांढरट द्रव आला तर आशा सोडा. ही चाचणी आज कोणी करत नाही, पण पांढऱ्या केसांचं निरीक्षण अजूनही खरं आहे. कोडात रंग बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. डाग पुन्हा भरतो तो बहुधा केसांच्या मुळाशी शिल्लक राहिलेल्या पेशींतून. केसच पांढरा झाला असेल तर तो साठाही संपलेला असतो.

शिब्यांचं कारण कळायला 1846 साल उजाडलं. जर्मनीतल्या आइखश्टेट यांनी खरवडलेला कोंडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात बुरशी दिसली. पुढे तिला फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांच्यावरून मालासेझिया नाव मिळालं. ती आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर असते. घाम, दमट हवा आणि तेलकट त्वचा मिळाली की फोफावते. म्हणून शिबं एकमेकांना सहसा लागत नाही, पण उन्हाळ्या-पावसाळ्यात पुन्हा येऊ शकतं.

आता माझी चूक. बुरशी मेली तरी रंग लगेच येत नाही. या बुरशीपासून तयार होणारी काही आम्लं कातडीचा रंग बनवण्याच्या कामात अडथळा आणतात, हे 1970च्या दशकात इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं. तो रंग भरायला काही आठवडे, कधी काही महिनेही जातात. हे मी त्या मुलाला सांगितलंच नव्हतं. महिनाभराने डाग तसेच दिसले. औषध फुकट गेलं, म्हणजे कोडच आहे, असं घरच्यांनी ठरवलं. कोणीतरी बावचीचं तेल दिलं. ते लावून तो दुपारच्या उन्हात बसला. दोन दिवसांनी माझ्याकडे आला तेव्हा खांद्यांवर मोठाले फोड होते.

बावची हे काही खोटं औषध नाही. कोडावर ती आपल्याकडे फार पूर्वीपासून वापरतात. तिच्यातलं सोरालेन कातडीला सूर्यप्रकाशाबाबत अतिसंवेदनशील करतं. 1940च्या दशकात इजिप्तच्या एल मोफ्ती यांनी तिथल्या एका वनस्पतीतल्या याच जातीच्या द्रव्यावर काम केलं, आणि त्यातून कोडावरचा मोजूनमापून द्यायचा प्रकाशोपचार उभा राहिला. पण मात्रा आणि उन्हाची वेळ मोजली नाही तर कातडी भाजते. या मुलाला तर त्याची गरजच नव्हती.

त्या दिवशी मी पुन्हा खरवडलं. या वेळी भुगा सुटला नाही. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून पाहिलं, बुरशीचे तंतूही नव्हते. म्हणजे औषध लागू पडलं होतं, फक्त रंग मागे राहिला होता. फोड बरे झाले, पण त्यांचे काळे डाग जायला मूळ फिक्या डागांपेक्षा जास्त दिवस लागले.

तिसरा प्रकार राहिला, शाळकरी मुलांच्या गालांवरचा, पिटिरियासिस आल्बा. 'पिटिरॉन' म्हणजे ग्रीकमध्ये कोंडा आणि 'आल्बा' म्हणजे पांढरा. फ्रान्समध्ये एके काळी हा संसर्ग समजत आणि स्ट्रेप्टोकोकस जंतूंना दोष देत. आपल्याकडे आजी 'जंत झालेत' म्हणते, आई 'कॅल्शियम कमी आहे' म्हणते. यातलं काहीच कारण नाही. कोरड्या, एक्झिमाकडे झुकणाऱ्या त्वचेची ही सौम्य सूज आहे. रंगपेशी जागेवरच असतात, फक्त काम कमी करतात. इथेही थोडा कोंडा असतो, त्यामुळे नखाची युक्ती एकटी पुरत नाही. मग कड बघायची. याची कड धूसर असते, डाग कुठे संपतो ते बोटाने दाखवता येत नाही. कोडाची कड खडूने आखल्यासारखी, रंग दुधासारखा आणि कातडी अगदी गुळगुळीत.

शंका उरली तर वूडचा दिवा. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी 1903 मध्ये ती खास काच बनवली आणि 1925 पासून तो दिवा त्वचारोगात आला. अंधाऱ्या खोलीत त्याखाली कोड निळसर पांढरं झळकतं. शिबं कधी पिवळसर सोनेरी दिसतं, पण प्रत्येक वेळी नाही. गालावरचा आल्बा तर त्या उजेडात जेमतेम दिसतो.

या तिन्हींत न बसणारा एक डाग मात्र मी कधी घाईत सोडत नाही. फिकट, कोरडा आणि बधिर. डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने स्पर्श करतो. कळला नाही, तर तो रुग्ण त्याच दिवशी कुष्ठरोगाच्या तपासणीला जातो.