बुलियन समीकरण सोपं करताना एकच पद तीनदा वापरता येतं का?

मुंबई विद्यापीठाच्या २०१६-१७ च्या बीएस्सी आयटी अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात ‘डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स’ होतं. राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या कॉम्प्युटर डिप्लोमात त्याच धाटणीचा विषय ‘डिजिटल टेक्निक्स’ या नावाने शिकवतात. दोन्हीकडे नेहमी भेटणारा प्रश्न म्हणजे समीकरण सोपं करा आणि गेट्सची आकृती काढा.

त्यातलं एक ओळखीचं उदाहरण पाहू. तीन इनपुटपैकी किमान दोन १ असतील, तरच आउटपुट १ हवं. फुल अ‍ॅडरमधला ‘कॅरी’ नेमका असाच तयार होतो. इथे A' म्हणजे A च्या उलट.

```
Y = A'BC + AB'C + ABC' + ABC
```

पहिलं आणि शेवटचं पद फक्त A मध्ये वेगळं आहे. A + A' = 1, म्हणून दोन्ही मिळून BC उरतं. इथे अनेक जण ABC ‘संपलं’ असं समजून थांबतात आणि उत्तर लिहितात:

```
Y = BC + AB'C + ABC'
```

हे चुकीचं नाही, पण अपुरं आहे. सत्यसारणीच्या आठही ओळी जुळतात, त्यामुळे तिथे ही उणीव दिसतच नाही.

सुटका X + X = X या नियमात आहे. प्रभादेवीला जाणाऱ्याला ‘स्लो लोकल आली किंवा स्लो लोकल आली, तर चढ’ असं दोनदा सांगितलं तरी सूचना एकच राहते. तसंच ABC कितीही वेळा लिहिलं तरी Y बदलत नाही. म्हणून ते तीनदा लिहून प्रत्येक पदाला एक जोडीदार द्यायचा:

```
Y = (A'BC + ABC) + (AB'C + ABC) + (ABC' + ABC)
Y = BC + AC + AB
```

के-मॅपमध्ये हेच डोळ्यांना दिसतं. ABC च्या घराला उरलेली तिन्ही घरं चिकटलेली असतात आणि त्या एका घरावरून तीन जोड्यांची वर्तुळं जातात. एखादा १ शेजारी असूनही एकटाच घेरलेला दिसला, तर उत्तर अजून लहान होऊ शकतं.

फरक ब्रेडबोर्डवर कळतो. मूळ समीकरणाला तीन नॉट, तीन इनपुटचे चार अँड आणि चार इनपुटचा एक ऑर लागतो. ७४०४ एक, ७४११ दोन (एकात तीनच गेट असतात) आणि ७४३२ एक, अशा चार चिप होतात. सोप्या रूपाला ७४०८ आणि ७४३२ अशा दोनच पुरतात.

मात्र एक काळजी घ्यावी. पद पुन्हा वापरण्याची मुभा ‘ऑर’ने जोडलेल्या पदांना आहे, एक्स-ऑरला नाही. तिथे तेच पद दोनदा आलं, तर उत्तर शून्य होतं.