सर्वजयेचा आक्रोश

चित्रपटातील संगीत म्हटले की आपल्या घरांतून पहिला विचार गाण्यांचा होतो. गाणी कोणी गायिली, कोणी रचिली, कोणत्या रागात बांधिली, यावर जेवणाच्या पाटावर तासतासभर वाद झडतात. परंतु दोन गाण्यांच्या मध्ये, पात्रे बोलत असता किंवा गप्प असता, जे वाजत राहते त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ते वाजले होते हेही पुष्कळदा आपणांस आठवत नाही. वास्तविक प्रेक्षकाच्या मनावर खरी कारागिरी चालते ती याच जागी. ती कशी चालते हे पाहण्यास आम्ही एकच प्रसंग घेणार आहो. तो सत्यजित राय यांच्या 1955 सालच्या 'पथेर पांचाली' या बंगाली चित्रपटातील आहे. परंतु त्याच्याकडे वळण्यापूर्वी थोडे मागे, जर्मनीत, जाऊन यावे लागेल.

1876 साली बायरॉइट येथे रिचर्ड वॅग्नर याचे चार रात्रींचे प्रचंड संगीतनाट्य प्रथमच सलग सादर झाले. त्यात एकेका पात्रास, वस्तूस, स्थळास लहानशी सुरावट जोडलेली आहे आणि ती कथेच्या ओघात रूप बदलून पुनःपुन्हा येते. या सुरावटीस पुढे 'लाइटमोटिफ' हे नाव रूढ झाले. आम्ही तिला खुणेची सुरावट म्हणू. तिचा उपयोग केवळ ओळख पटविण्यापुरता असता तर ती भालदाराची ललकारी ठरली असती. वॅग्नरचे कसब निराळे आहे. दुसऱ्या रात्रीच्या नाटकात एक तरुण आपली कहाणी सांगतो: आपला बाप अरण्यात हरवला, मागे लांडग्याचे रिकामे कातडे तेवढे सापडले. बाप कोण, हे त्याला ठाऊक नाही. पण त्याच क्षणी वाद्यवृंदातील पितळी वाद्ये मंद आवाजात आदल्या रात्री ऐकिलेली देवांच्या राजवाड्याची सुरावट वाजवितात, आणि श्रोत्याच्या अंगावर काटा येतो. बाप देवांचा राजा आहे हे श्रोत्याला कळले, मुलाला नाही. सुरावटीने येथे एक गुपित सांगितले. ते सांगता आले, कारण श्रोत्यापाशी आदल्या रात्रीची आठवण होती.

ही युक्ती व्हिएन्नात वाढलेल्या संगीतकारांबरोबर हॉलिवुडला गेली. मॅक्स स्टायनर याने 1933 साली 'किंग काँग'मधील त्या राक्षसी वानरास तीन उतरत्या स्वरांची खूण दिली. त्याच चित्रपटात बेटावरचा नायक पावले टाकीत येतो, तेव्हा वाद्यवृंद त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर ठेका धरतो. हा प्रकार लवकरच सवयीचा झाला. 1947 साली थिओडोर आडोर्नो आणि संगीतकार हान्स आइस्लर यांनी चित्रपटसंगीतावर एक पुस्तक लिहिले, त्यात या सवयीवर कोरडे ओढले आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, वॅग्नरच्या कृतीस अफाट लांबी होती म्हणून खुणेस वाढण्यास जागा मिळाली. चित्रपटात तुकडे लहान, म्हणून खूण ही नुसती चाकरासारखी होते. धनी समोर उभा दिसत असताही ती त्याच्या आगमनाची वर्दी देत बसते. हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो. खलनायक दिसला की झांजा आणि नायिका दिसली की व्हायोलिने, ही रीत आपल्याकडेही काही थोडी नव्हे.

आता बंगालकडे येऊ. राय यांनी संगीताचे काम पंडित रविशंकर यांच्याकडे सोपविले. रविशंकर त्या वेळी दिल्लीस आकाशवाणीत होते आणि त्यांना सवड अत्यंत थोडी होती. चित्रपट सर्व तयार झालेला नव्हता. जो भाग जुळविला होता त्यातला सुमारे निम्मा पाहून त्यांनी एकाच रात्रीच्या बैठकीत, सुमारे अकरा तासांत, संगीत ध्वनिमुद्रित करून दिले. अशा घाईत प्रत्येक प्रसंगाची लांबी मोजून संगीत बांधणे शक्यच नव्हते. कित्येक तुकडे मोकळे वाजवून घेतले गेले आणि कोठे काय लावावयाचे हे राय यांनी मागाहून ठरविले. फेरीवाल्या मिठाईवाल्याच्या मागे मुले धावतात तेथला सतारीचा तुकडा तर छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वाजविला आहे. आमच्या मते या अडचणीतून एक लाभ झाला. हिशेबाने प्रत्येक पावलावर ठेका देण्याची सोयच उरली नाही.

चित्रपटाची मुख्य धून बासरीवर आहे. ती आलोक डे यांनी वाजविली. चाल लोकगीतासारखी, चार पावले चालून पुन्हा घरी येणारी. मुलांचे हिंडणे, गावची वाट, बांबूची बने यांच्याशी ती आपल्या कानात बांधली जाते. कोणी एक पात्र म्हणजे ही धून, असे म्हणता येणार नाही. ती त्या घराच्या गावातील दिवसांची धून आहे.

प्रसंग असा. हरिहर हा गरीब पुरोहित पोटासाठी परगावी गेला आहे. मागे त्याची मुलगी दुर्गा पावसात भिजते, तापाने फणफणते आणि एका वादळी रात्री मरते. हरिहरास याची वार्ता नाही. बऱ्याच दिवसांनी तो परततो. घर पडके झाले आहे, तो मुलांना हाका मारतो. सर्वजया मुकाट्याने त्याच्यासमोर येते. काही बोलत नाही. तो मात्र उत्साहाने बोचके सोडतो: हे पोळपाटलाटणे, ही लक्ष्मीची तसबीर, आणि ही दुर्गेसाठी साडी. सर्वजया ती साडी हातात घेते, आणि इतके दिवस आवळून धरलेले दुःख फुटते. तिचे तोंड उघडलेले आपणांस दिसते, देह कोसळताना दिसतो, पण तिचा आवाज ऐकू येत नाही. त्याच्या जागी एका वाद्याचा तार सप्तकातील टाहो ऐकू येतो.

ते वाद्य तारशहनाई. नावावरून हे फुंकून वाजविण्याचे वाद्य असेल असे वाटते, पण ते तसे नाही. आपल्याकडील दिलरुब्याचा सख्खा भाऊ जो बंगालचा इसराज, त्यास जुन्या ग्रामोफोनप्रमाणे ध्वनी वाढविणारी पेटी व कर्णा जोडला की तारशहनाई होते. वाजवावयाचे गजानेच, पण कर्ण्यातून येणारा स्वर शहनाईसारखा टोकदार, किंचित नाकातला होतो. 'पथेर पांचाली'त ती दक्षिणामोहन टागोर यांनी वाजविली.

आता निवड पाहा. बासरी का नाही? बासरी फुंकीवर चालते, तिला मध्ये श्वास घ्यावा लागतो, आणि तार सप्तकात गेली की तिचा स्वर गोड, पातळ होतो. सतार का नाही? तिचा स्वर छेडताक्षणी मोठा असतो आणि लगेच विरू लागतो. आक्रोश याच्या उलट असतो, तो सुरू झाल्यावर वाढतो. गजाच्या वाद्यात हा वाढता स्वर मिळतो, मिंड मिळते, आणि श्वास घेण्याची खंड पडत नाही. सारंगीही हे करू शकते, पण तिच्या आवाजात माणसाच्या गळ्याचा ओलावा फार. ती वाजली असती तर कोणी तरी सर्वजयेच्या वतीने रडत आहे असे वाटले असते. कर्ण्यामुळे तारशहनाईच्या स्वरात एक धातूची धार येते. तो स्वर गळ्याजवळचा आहे, पण गळा नव्हे.

राग पटदीप आहे. मराठी कानास तो परका नाही. 'संन्यस्त खड्ग' नाटकातील मास्टर दीनानाथांचे पटदीपातले पद ज्यांनी ऐकिले आहे त्यांना त्याची धार ठाऊक आहे. भीमपलासीत कोमल निषाद असतो. तेथे शुद्ध निषाद घातला की पटदीप उभा राहतो. कोमल गांधाराने खाली उदासी धरून ठेविली आहे, आणि वर शुद्ध निषाद षड्जाला अगदी चिकटून, त्यास गाठण्यासाठी ताणलेला आहे. तार सप्तकात हा ताण कानास टोचतो. मात्र त्यामुळे 'पटदीप म्हणजे शोक' असे समीकरण कोणी मांडू नये. दीनानाथांच्या पदात तोच निषाद तेजस्वी वाटतो. शोक येतो तो रागाबरोबर वाद्य, सप्तक आणि चित्र मिळून.

सर्वांत मोठी गोष्ट आवाज काढून टाकण्याची. खरे रडणे ऐकले असते तर आपण ते एका बाईचे रडणे म्हणून ऐकले असते, आणि थोड्या वेळाने, सांगावयास संकोच वाटतो, ते संपण्याची वाटही पाहिली असती. रडण्याच्या दृश्यांत नेहमी हेच बिघडते. आवाज पुरेसा असता त्यावर व्हायोलिने चढवितात आणि एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. येथे डोळ्यांना मिळते ते कानांना मिळत नाही, कानांना मिळते ते डोळ्यांना दिसत नाही. दोहोंची सांगड आपल्यालाच घालावी लागते. आमच्या घरी हा चित्रपट लावला असता ज्येष्ठ मंडळींपैकी एकीने, तेथे काय वाजले, असे विचारले असता, "वाजले कुठे, ती ओरडली की," असे उत्तर दिले. आम्ही तो भाग पुन्हा लावून दाखविला, तरी त्यांना पटावयास वेळ लागला.

येथे आणखी एक मौन आहे. ज्या आक्रोशाचे कारण दुर्गा, त्यात दुर्गेच्या दिवसांची बासरी वाजत नाही. हॉलिवुडच्या रीतीने ती हमखास वाजली असती, मंद, लांबविलेली, व्हायोलिनांवर. तिला येथे खर्चिली असती तर ती पुन्हा कामास आली नसती.

ती कामास येते पुढच्या वर्षीच्या 'अपराजितो'मध्ये. हरिहर काशीस वारला आहे. सर्वजया परक्याच्या घरी स्वयंपाक करून दिवस काढीत होती. आता ती मुलाला घेऊन बंगालमधील एका खेड्यास निघाली आहे. आगगाडी धावत आहे. खिडकीतून कोरडा मुलूख सरतो आणि हळूहळू बंगालची हिरवी, पाणथळ जमीन दिसू लागते. तेवढ्यात बासरीवर ती जुनी धून येते. दुर्गेचे नाव कोणी काढीत नाही. ज्याने पहिला चित्रपट पाहिला नाही त्याला एक गोड चाल ऐकू येईल आणि गाडी पुढे जाईल. ज्याने पाहिला आहे त्याला, जंगलात हरवलेल्या बापाची कहाणी ऐकणाऱ्या त्या बायरॉइटच्या श्रोत्याप्रमाणे, गाडीत बसलेल्यांहून थोडे अधिक कळते. गाव परत मिळत आहे, त्या गावातले माणूस नाही. सर्वजया खिडकीबाहेर पाहत असते, तिच्या चेहऱ्यावर किंचित समाधान उमटते. आणि सबंध 'अपराजितो'त ती धून एवढ्या एकाच ठिकाणी ऐकू येते.