पॅलेडियमचा भाव आणि सोन्याचा भाव

सोनें महागलें कीं सारेच मौल्यवान धातु महागत असावेत, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. प्लॅटिनम आणि त्याचा भाऊबंद पॅलेडियम यांच्या बाबतींत तो पुष्कळदां खोटा ठरतो. कां, हें समजण्यास १९९७ ते २००३ या काळांतील पॅलेडियमची हकीकत पुरेशी आहे.

मोटारींच्या धुरावर कायद्यानें बंधनें आलीं, तेव्हां त्यांतील विषारी वायु निरुपद्रवी करणारा एक डबा गाडीस बसवावा लागूं लागला. त्याच्या आंत या धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. गाडीमागें लागतात कांहीं ग्रॅमच; पण त्यांवांचून गाडी विकतां येत नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत पेट्रोलच्या गाड्यांसाठीं कारखानदार महाग प्लॅटिनम सोडून स्वस्त पॅलेडियमकडे वळले.

हें पॅलेडियम मुख्यतः रशियांतून येई. सैबेरियांतील नोरिल्स्क येथें निकेल आणि तांबें काढतांना तें जोडीनें निघतें. म्हणजे त्याचा भाव दुप्पट झाला, तरी खाणवाला तेवढ्यासाठीं दुप्पट खणीत नाहीं. १९९७ सालीं रशियन सरकारचे निर्यातीचे परवाने अडकले आणि माल वेळेवर येईना. पुढेंही असें वारंवार झालें. १९९७ च्या आरंभीं औंसास सुमारें १२० डॉलर असलेला भाव जानेवारी २००१ मध्यें हजारावर गेला. त्याच वेळीं सोनें होतें सुमारें २६५ डॉलरांवर!

सोन्याचें असें सहसा होत नाहीं. आजवर खणलेलें बहुतेक सोनें पेट्यांत, तिजोऱ्यांत आणि अंगावर शाबूत आहे. भाव चढला कीं तें मोडीस निघतें. आपल्या घरांतल्या पाटल्याही त्या अर्थानें एक लहानशी खाणच होत. पॅलेडियमचा असा सांठा घरोघर कोठून असणार? जें आहे तें रस्त्यांवरून धांवत असतें, आणि गाडी भंगारांत गेल्यावांचून हातीं येत नाहीं.

तुटवड्याच्या भीतीनें अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें चढ्या भावानें भरपूर खरेदी करून ठेवली. इकडे तिच्याच तंत्रज्ञांनीं कमी पॅलेडियमांत काम भागविण्याची युक्ति साधली होती. कारखान्यांची मागणी अशी एकदम वाढते, तशीच ओसरतेही. २००१ सालांतच भाव कोसळला. जानेवारी २००२ मध्यें फोर्डला सुमारें शंभर कोटी डॉलरांचें नुकसान जाहीर करावें लागलें. खरेदी करणाऱ्यांनीं आपल्या तंत्रज्ञांस आधीं विचारलें असतें तर!

२००३ सालीं पॅलेडियम दोनशे डॉलरांच्याही खालीं आलें. सोनें मात्र, युद्धाच्या शंकेनें आणि डॉलरच्या घसरणीनें, तोंपर्यंत साडेतीनशेंच्या आसपास चढलें होतें.